किलो, नग आणि मीटर: तीन विक्रेत्यांची दरपत्रके एका तुलनात्मक तक्त्यात कशी मांडावीत

खरेदीच्या कामात नव्याने आलेल्या माणसापुढे तीन दरपत्रके येतात. एकात दर किलोचा असतो, दुसऱ्यात नगाचा आणि तिसऱ्यात मीटरचा. कोणी कर वेगळा लावतो, कोणी दरातच मिसळतो, कोणी लावतच नाही. एकजण माल गोदामातून उचलायला सांगतो, तर दुसरा जागेवर पोचवतो. अशा वेळी पत्रकांतले दर जसेच्या तसे शेजारी शेजारी लिहून सर्वांत लहान आकड्याभोवती गोल करण्याचा मोह होतो. मीही सुरुवातीला हेच केले आणि त्यातून झालेली एक चूक पुढे सांगितली आहे. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. ते हातात तक्ता घेऊन सोबत सोडवले, तर तुमच्या मालासाठी त्यात काय बदलावे लागेल हे सहज कळेल.

उदाहरण असे. १६ मिलिमीटर व्यासाची लोखंडी गोल सळई एकूण ६०० मीटर हवी आहे. आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत, चलन तुमचे जे असेल ते समजावे. कराचा दर २० टक्के आणि पैशावरील व्याज वर्षाला १२ टक्के धरले आहे.

विक्रेता अ: दर ६६ प्रति किलो, कर वेगळा, माल गोदामातून उचलायचा, भरणावळ किलोमागे १, पैसे माल उचलताना.

विक्रेता ब: ६ मीटरच्या एका सळईला ८१०, करासह, जागेवर पोच, पैसे पूर्ण आगाऊ आणि माल ३० दिवसांनी.

विक्रेता क: दर १२२ प्रति मीटर, हा विक्रेता कर आकारत नाही, जागेवर पोच, पैसे माल मिळाल्यावर.

## १. आधी जवळ काय हवे

तिन्ही दरपत्रकांच्या मूळ प्रती, त्यांच्याबरोबर आलेली अटींची पाने, तुमच्या मागणीचा लेखी तपशील, वाहतूकदाराने वाहतूक खर्चाबद्दल दिलेला लेखी आकडा, आणि कोणताही स्प्रेडशीट प्रोग्राम एवढे पुरते. मागणीचा तपशील यादीत सहसा विसरला जातो. तिघांनाही तुम्ही नेमके एकच मागितले होते का, हे त्यावरूनच ठरते. मालाची प्रत किंवा मानक एकाने वेगळे धरले असेल, तर पुढचे सगळे गणित अचूक होऊनही निरर्थक ठरते. तसे आढळल्यास तक्ता बाजूला ठेवून आधी त्या विक्रेत्याकडून सुधारित दरपत्रक मागवावे.

## २. पत्रकात आहे तेच आधी उतरवून घ्या

तक्त्याचे दोन भाग करावेत. वरच्या भागात पत्रकातला दर, त्याचे एकक आणि कराबद्दलचे शब्द जसे आहेत तसे लिहावेत. खालच्या भागात फक्त सूत्रे असावीत. मनातल्या मनात भागाकार करून आलेला दर थेट लिहिला, तर महिन्याभराने तो कुठून आला हे तुम्हालाही सांगता येत नाही आणि तपासणाऱ्याला मूळ पत्रकाशी ताडूनही पाहता येत नाही.

जे आकडे सर्वांना सारखे लागू होतात ते माथ्यावर वेगळ्या चौकटींत ठेवावेत. आपल्या तक्त्यात `B1` मध्ये ६०० मीटर, `B2` मध्ये दर मीटरचे वजन, `B3` मध्ये सळईची लांबी ६ मीटर आणि `B4` मध्ये व्याजाचा दर १२ टक्के आहे. विक्रेते अ, ब, क अनुक्रमे `B`, `C`, `D` या स्तंभांत येतील आणि त्यांचे दर नवव्या ओळीत बसतील.

येथे दोन किरकोळ वाटणारे पण त्रासदायक सापळे आहेत. पहिला म्हणजे दराच्या चौकटीत `66/kg` किंवा `810/-` असे लिहिणे. प्रोग्राम त्याला आकडा न मानता मजकूर मानतो. असा मजकूर सहसा चौकटीच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसतो आणि आकडा उजव्या कडेला, त्यामुळे नजरेनेही ओळखता येतो. शंका असल्यास `=ISNUMBER(B9)` लिहून पाहावे. दुसरा सापळा टक्क्यांचा आहे. साध्या चौकटीत नुसते २० लिहिले, तर सूत्राच्या लेखी ते दोन हजार टक्के होतात. म्हणून `20%` असे चिन्हासकट लिहावे.

## ३. एकक तुमच्या गरजेचे निवडा

सर्व दर कोणत्या एककात आणायचे, हे विक्रेत्याच्या सवयीवरून न ठरवता तुम्ही माल कशा मापाने वापरणार आहात त्यावरून ठरवावे. आपल्याला ६०० मीटर लांबी हवी आहे, म्हणून मीटर हे आपले एकक. किलोचा दर मीटरवर आणण्यासाठी दर मीटरचे वजन लागते. लोखंडाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरली जाते आणि त्यावरून गोल सळईसाठी एक सोपे सूत्र कामावर वापरतात. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करावा आणि त्याला १६२ ने भागावे. १६ चा वर्ग २५६, भागिले १६२ म्हणजे १.५८ किलो प्रति मीटर. ६०० मीटरचे वजन ९४८ किलो भरते.

आता प्रत्येक विक्रेत्यासाठी एक गुणक लिहावा. एका मीटरला त्या विक्रेत्याची किती एकके लागतात, एवढेच तो सांगतो. अ साठी तो १.५८ म्हणजे `=B2`, ब साठी १ भागिले ६ म्हणजे `=1/B3` आणि क साठी १ आहे. हा गुणक स्वतंत्र ओळीत दिसला पाहिजे, कारण तुलनात्मक तक्त्यातल्या मोठ्या चुका बहुधा याच ओळीत दडलेल्या असतात. गुणायचे तेथे भागले गेले, तर ते सूत्रात लपून राहते, पण वेगळ्या चौकटीत १.५८ ऐवजी ०.६३ दिसले की लगेच खटकते.

एककाच्या नावावरही आंधळा विश्वास ठेवू नये. मेट्रिक टन १००० किलोचा असतो, पण अमेरिकेत चालणारा लहान टन सुमारे ९०७ किलोचा आणि ब्रिटिश पद्धतीचा मोठा टन सुमारे १०१६ किलोचा असतो. नगाच्या बाबतीत लांबी लेखी घ्यावी. समजा तुम्हाला सळईचे २ मीटरचे तुकडे करायचे आहेत. ६ मीटरच्या सळईतून तीन तुकडे पूर्ण निघतात. सळई ५.५ मीटरची निघाली तर दोनच तुकडे मिळतात आणि दीड मीटर तुकडा उरतो. मीटरचा दर सारखा असूनही दुसरी सळई बरीच महाग पडते.

## ४. दरात मिसळलेला कर बाहेर काढा

ब चा दर करासह आहे आणि अ चा कराविना, म्हणून दोघांना आधी कराविना पातळीवर आणावे लागते. माझी चूक झाली ती येथेच. करासह आलेल्या दरातून मी सरळ २० टक्के वजा केले होते. ८१० मधून २० टक्के काढले की ६४८ उरतात आणि ते बरोबर वाटतात. पण विक्रेत्याने २० टक्के कर मूळ किमतीवर लावलेला असतो, करासह झालेल्या किमतीवर नव्हे. म्हणून ८१० ला १.२० ने भागावे लागते आणि मूळ किंमत ६७५ येते. एका सळईमागे २७ चा फरक म्हणजे १०० सळयांवर २,७०० चा फरक होतो. तक्त्यात तो विक्रेता विनाकारण स्वस्त दिसत होता आणि बिल हातात येईपर्यंत ते माझ्या लक्षात आले नाही. पडताळा सोपा आहे. काढलेल्या मूळ किमतीवर पुन्हा कर लावावा आणि पत्रकातला आकडा परत येतो का ते पाहावे. ६७५ वर २० टक्के म्हणजे १३५, आणि बेरीज ८१०.

बाराव्या ओळीत दरात मिसळलेल्या कराचा दर लिहिला, म्हणजे अ साठी ०, ब साठी २० टक्के, क साठी ०, की तिघांनाही एकच सूत्र चालते. नववी ओळ पत्रकातल्या दराची आणि अकरावी गुणकाची आहे.

```
B13: =B9*B11/(1+B12)
```

या ओळीत अ चा दर १०४.२८, ब चा ११२.५० आणि क चा १२२ प्रति मीटर येतो. अ येथे ठळकपणे स्वस्त दिसतो. बरेच तक्ते याच ओळीवर थांबतात आणि म्हणून चुकतात. हा आकडा पुढे वापरताना गोल करू नये. दोन दशांशांपर्यंत दिसू द्यावा, पण सूत्रात तो पूर्ण राहिला पाहिजे.

## ५. पोचवण्याच्या अटींचे पैशांत रूपांतर करा

माल कोणत्या टप्प्यापर्यंत विक्रेत्याच्या खर्चाने येतो आणि तेथून पुढे काय काय आपल्या अंगावर पडते, याची मनात चालत चालत मोजणी करावी: गोदामात भरणे, वाहतूक, वाटेतला विमा, आपल्या दारात उतरवणे. आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या इन्कोटर्म्स २०२० या नियमावलीत अशा ११ अटी ठरवून दिल्या आहेत. परदेशातून माल येणार नसला तरी त्यांतले दोन बारकावे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. एक्स वर्क्स या अटीत वाहनात माल भरण्याची जबाबदारीही विक्रेत्यावर नसते. डीएपी म्हणजे ठरलेल्या ठिकाणी पोच, पण त्यात माल उतरवून देणे येत नाही. उतरवून देण्यासाठी डीपीयू ही वेगळी अट आहे. म्हणून पत्रकात नुसते ‘पोच’ लिहिलेले असेल, तर कुठपर्यंत पोच आणि उतरवणार कोण, हे विचारून लेखी घ्यावे.

आपल्या उदाहरणात तिघांचाही माल आपलीच माणसे उतरवणार आहेत. तो खर्च तिघांना सारखा असल्यामुळे तक्त्यात घेतला नाही. अ च्या मालाला मात्र भरणावळ ९४८ आणि वाहतूकदाराने सांगितलेले ४,८०० असा कराविना ५,७४८ चा भार पडतो. या दोन्हींवरही २० टक्केच कर आहे असे धरले आहे. प्रत्यक्षात वाहतुकीवरचा कर मालावरच्या करापेक्षा वेगळा असू शकतो, आणि तसे असल्यास त्याची ओळ वेगळी करावी. भरणावळ वजनावर अवलंबून असल्यामुळे ती आकड्याने न लिहिता सूत्राने लिहावी. चौदाव्या ओळीतले हे सूत्र फक्त अ साठी आहे, ब आणि क साठी तेथे ० लिहावा.

```
B14: =B1*B2*1+4800
B15: =B13*$B$1+B14
```

पंधराव्या ओळीत कराविना एकूण रक्कम येते. अ ची ६८,३१६, ब ची ६७,५०० आणि क ची ७३,२००. पहिल्या दोघांचा क्रम येथे उलटला.

याच टप्प्यावर एक सापळा असा आहे की एखाद्या खर्चाबद्दल पत्रकात काहीच लिहिलेले नसते आणि आपण ती चौकट रिकामी सोडतो. रिकामी चौकट म्हणजे सूत्रासाठी शून्य. जो विक्रेता कमी माहिती देतो, तोच तक्त्यात स्वस्त ठरतो. मी अशा चौकटीत ‘विचारा’ हा शब्द लिहून ठेवतो. बेरीज `+` चिन्हाने केलेली असल्यामुळे एकूण रकमेच्या जागी `#VALUE!` येते आणि उत्तर मिळेपर्यंत तो विक्रेता तुलनेत येऊच शकत नाही. `SUM` वापरले तर ते मजकुराकडे दुर्लक्ष करून गुपचूप बेरीज देते, म्हणून या ओळीत ते टाळावे. खर्च खरोखर नसेल तेव्हा ० स्पष्ट लिहावा.

## ६. पैसे कधी द्यायचे यालाही किंमत आहे

ब ला संपूर्ण रक्कम ३० दिवस आधी द्यायची आहे. तेवढे दिवस ते पैसे आपल्याकडे राहिले असते, तर त्यांवरचे व्याज वाचले असते. म्हणून माल हाती येण्याचा दिवस शून्य धरावा, आधी द्यायचे दिवस अधिक चिन्हाने आणि उधारीचे दिवस उणे चिन्हाने लिहावेत. व्याज करासह रकमेवर मोजावे, कारण खिशातून तीच रक्कम जाते.

```
B17: =B15*B16
B18: =B15+B17
B20: =B18*$B$4*B19/365
```

सोळाव्या ओळीत प्रत्यक्ष आकारला जाणारा कर आहे, म्हणजे अ आणि ब साठी २० टक्के आणि क साठी ०. एकोणिसाव्या ओळीत दिवस आहेत. ब ची करासह रक्कम ८१,००० आणि त्यावर ३० दिवसांचे व्याज सुमारे ७९९ येते. अ आणि क साठी ते शून्य आहे. व्याजाचा दर स्वतः न ठरवता हिशेब विभागाकडून घ्यावा, कारण संस्थेचे पैसे कर्जाऊ आहेत की शिल्लक पडलेले, यावर तो अवलंबून असतो.

## ७. भरलेला कर परत वजा मिळतो का, हे आधी विचारा

हा प्रश्न विक्रेत्याला विचारायचा नसून आपल्या हिशेब विभागाला विचारायचा आहे, आणि निकाल सर्वांत जास्त यावरच फिरतो. अनेक करपद्धतींत खरेदीवर भरलेला कर आपल्या विक्रीवरील करातून वजा करता येतो. तसे असेल तर तो कर हा आपला खर्च नव्हे. पण सूट असलेल्या कामासाठी खरेदी असेल किंवा संस्था करनोंदणीतच नसेल, तर भरलेला कर पूर्णपणे आपल्या अंगावर पडतो. म्हणून तक्त्याच्या तळाशी दोन्ही ओळी ठेवाव्यात.

```
B21: =B15+B20
B22: =B18+B20
```

| | अ | ब | क |
|---|---|---|---|
| कराविना एकूण | ६८,३१६ | ६७,५०० | ७३,२०० |
| कर | १३,६६३ | १३,५०० | ० |
| आगाऊ रकमेचे व्याज | ० | ७९९ | ० |
| कर वजा मिळत असल्यास | ६८,३१६ | ६८,२९९ | ७३,२०० |
| कर वजा मिळत नसल्यास | ८१,९७९ | ८१,७९९ | ७३,२०० |

क कडे पाहा. कर वजा मिळणाऱ्या संस्थेसाठी तो जवळजवळ ४,९०० ने महाग आहे, आणि ज्या संस्थेला तो मिळत नाही तिच्यासाठी साडेआठ हजारांहून अधिक स्वस्त आहे. एकच दरपत्रक, एकच माल, आणि निकाल पूर्ण उलटा. तक्त्यावर कोणती ओळ निर्णयासाठी घेतली आणि का, हे एका वाक्यात लिहून ठेवावे.

## ८. तक्ता मूळ पत्रकांशी ताडून पाहा

प्रत्येक विक्रेत्याने आपल्या पत्रकात स्वतःची एकूण रक्कम दिलेली असते. आपल्या तक्त्यातून ती परत काढता आली पाहिजे. ब ने १०० सळयांचे ८१,००० लिहिले असतील, तर अठराव्या ओळीत तेच दिसले पाहिजेत. अ चे पत्रक फक्त मालाचे असेल, तर वाहतूक वगळून ताडावे. एकाही विक्रेत्याची रक्कम जुळत नसेल तर चूक सहसा माथ्यावरच्या समान आकड्यांत असते, आणि एकाचीच जुळत नसेल तर त्याच्या गुणकात किंवा कराच्या चौकटीत. विक्रेत्याच्या स्वतःच्या बेरजेतही चूक सापडते. अशा वेळी आपण परस्पर दुरुस्त न करता त्याच्याकडून सुधारित पत्रक घ्यावे.

## ९. फरक अगदी थोडा असेल तेव्हा

कर वजा मिळतो असे धरल्यास अ आणि ब मध्ये १७ चा फरक आहे. अडुसष्ट हजारांच्या खरेदीत एवढ्यावरून ब स्वस्त आहे असे म्हणता येणार नाही, कारण आपण वापरलेला १.५८ हा आकडाच सैद्धांतिक आहे. सळई तयार होताना वजनात थोडी कमीजास्ती होते आणि ती किती चालते हे त्या मालाच्या मानकात दिलेले असते. अ वजनकाट्यावरच्या वजनाचे पैसे घेणार आहे आणि ब नगाचे. सळई जड निघाली तर अ च्या बाबतीत लांबी तेवढीच मिळून बिल वाढते. सळई हलकी निघाली तर ब च्या बाबतीत बिल तेवढेच राहून लोखंड कमी मिळते.

हे तपासण्यासाठी अ च्या गोदामातल्या दहा सळया काट्यावर ठेवून वजन करावे. ६ मीटरच्या दहा सळयांचे सैद्धांतिक वजन ९४.८ किलो येते. समजा प्रत्यक्षात ते ९७ किलो भरले, तर `B2` मध्ये १.५८ च्या जागी `=97/60` लिहावे. एकूण वजन ९७० किलो होते, भरणावळ आपोआप वाढते आणि अ ची कराविना रक्कम ६९,७९० वर जाते. आता ब सुमारे १,५०० ने पुढे आहे आणि हा फरक काट्यावर मोजलेल्या वजनावर उभा आहे. मात्र दहा सळया एकाच ढिगातून न घेता निरनिराळ्या गठ्ठ्यांतून घ्याव्यात, त्यांची लांबीही फितीने मोजावी, आणि वजनाच्या पावतीची प्रत तक्त्याला जोडावी. गोदामात जाणे शक्य नसेल, तर अ कडून दर मीटरमागे जास्तीत जास्त किती वजनाचे पैसे घेतले जातील याची मर्यादा लेखी मागावी आणि `B2` मध्ये ती मर्यादा घालून तुलना करावी.